सोन्याच्या वर्खाने काय सांगितले: एका उत्तराची छाननी

इंदूरच्या रामबागेत बी.एस्सी.च्या मराठी मुलामुलींचा एक लहानसा अभ्यासवर्ग मी घेतो. त्यात एका विद्यार्थिनीने अणुरचनेच्या प्रश्नाला पुढील उत्तर लिहिले होते: ‘रदरफर्डच्या विकिरण प्रयोगावरून असे सिद्ध झाले की अणूच्या मध्यभागी धनप्रभारित, अतिसूक्ष्म केंद्रक असते आणि इलेक्ट्रॉन त्याभोवती ठरावीक कक्षांमध्ये फिरतात.’ परीक्षेत अशा उत्तराला बहुतेक वेळा पूर्ण गुण मिळतात आणि पाठ्यपुस्तकांतील आकृत्याही याच अर्थाच्या असतात. तरीही या एका वाक्यात चार वेगवेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत: प्रभार एका जागी एकवटलेला आहे, ती जागा अतिसूक्ष्म आहे, तो प्रभार धन आहे आणि इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये फिरतात. ही चारही विधाने प्रयोगातून खरोखर निघतात का, हे पाहण्यासाठी आम्ही हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केलेले सोन्याच्या वर्खाचे मूळ आकडे समोर घेतले आणि त्या वाक्याची छाननी केली. त्या छाननीचा हा वृत्तान्त आहे.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी ते कसे मिळाले हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांची मर्यादा त्यातच दडलेली आहे. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत एका बारीक काचनळीत रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू भरलेला होता आणि त्यापासून येणारे अल्फा कण हवा काढून घेतलेल्या डब्यात सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर आदळत होते. वळून आलेला कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर पडला की तिथे क्षणभर चमक उठे आणि ती चमक अंधारात बसून सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजावी लागे. सूक्ष्मदर्शक वर्खाभोवती फिरवता येत असल्यामुळे प्रत्येक कोनात किती कण येतात हे नोंदवता येत होते. मोठ्या कोनात कण इतके विरळ येतात की स्रोत ताकदवान लागतो. लहान कोनात मात्र त्याच स्रोताने चमकांचा पाऊस पडतो आणि डोळ्याला मोजणी अशक्य होते. म्हणून दोन्ही टोकांची मोजमापे वेगवेगळ्या ताकदीच्या स्रोतांनी घेऊन नंतर एका मापावर आणलेली आहेत. पुढील तक्त्यातील आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मूळ तक्ता याहून मोठा आहे. त्यातील सहा ओळी आम्ही घेतल्या आणि शेवटचे दोन स्तंभ स्वतः काढले.

| विचलन कोन θ | चमकांची संख्या N | 1/sin⁴(θ/2) | N × sin⁴(θ/2) |
|---|---|---|---|
| 150° | 33.1 | 1.15 | 28.8 |
| 105° | 69.5 | 2.52 | 27.6 |
| 60° | 477 | 16.0 | 29.8 |
| 45° | 1435 | 46.6 | 30.8 |
| 30° | 7800 | 223 | 35.0 |
| 15° | 132000 | 3445 | 38.3 |

रदरफर्डने 1911 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की, अल्फा कणाला एकाच अणूत, एकाच बिंदुवत प्रभाराकडून, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणारे बल लागत असेल, तर θ कोनात येणाऱ्या कणांची संख्या 1/sin⁴(θ/2) या प्रमाणात बदलली पाहिजे. म्हणजेच शेवटच्या स्तंभातील आकडा प्रत्येक ओळीत सारखा यायला हवा. तो तंतोतंत सारखा येत नाही. वर्गातील एका मुलाने लगेच आक्षेप घेतला की, ‘सर, 27.6 आणि 38.3 यांना सारखे कसे म्हणायचे?’ आक्षेप रास्त होता. परंतु याच सहा ओळींत मोजलेली संख्या जवळजवळ चार हजार पटींनी बदललेली आहे आणि ती सूत्राने भागल्यावर उरलेला फरक दीडपटीहूनही कमी आहे. त्यात लहान कोन आणि मोठे कोन यांची मोजमापे वेगवेगळ्या स्रोतांवर झालेली असल्याने, दोन संच एकमेकांना जोडताना थोडा फरक राहणे स्वाभाविक आहे. मोठ्या कोनांचा संच स्वतंत्रपणे पाहिला तर त्यातला चढउतार बराच कमी दिसतो.

याची तुलना त्या वेळच्या पर्यायी चित्राशी करायला हवी. जे. जे. थॉमसनच्या कल्पनेप्रमाणे धन प्रभार संपूर्ण अणूभर पसरलेला असता, तर एका अणूतून जाताना कणाला मिळणारे विचलन अंशाच्या लहानशा भागाएवढेच राहिले असते आणि मोठा कोन मिळण्यासाठी असंख्य लहान धक्के योगायोगाने एकाच दिशेने लागावे लागले असते. अशा योगायोगांची संख्या कोनासोबत इतक्या झपाट्याने घसरते की 150 अंशांच्या ओळीत मोजण्याजोगे काहीही शिल्लक राहिले नसते. उलट 1909 मध्येच गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमवरून सुमारे आठ हजारांत एक कण मागे परतताना दिसला होता. तेव्हा पहिले विधान टिकते: प्रभार एकवटलेला आहे आणि मोठे विचलन एकाच टकरीत घडते. वर्खाची जाडी वाढवल्यावर चमका जाडीच्या सरळ प्रमाणात वाढल्या आणि कणांचा वेग कमी केल्यावर वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढल्या. या दोन चाचण्यांनीही एकाच टकरीचे चित्र पक्के केले.

दुसरे विधान अतिसूक्ष्मतेचे आहे आणि छाननीचा खरा गाभा इथे आहे. 7.7 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकाकडे अगदी नाकासमोर गेला, तर त्याची सगळी गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत बदलेपर्यंत तो पुढे सरकेल आणि मग परत फिरेल. सोन्याचा अणुअंक 79 धरून हे अंतर d = 2 × 79 × 1.44 ÷ 7.7, म्हणजे सुमारे 30 फेमटोमीटर येते. एक फेमटोमीटर म्हणजे 10⁻¹⁵ मीटर, आणि 1.44 हा प्राथमिक प्रभाराच्या वर्गाशी निगडित स्थिरांक येथे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि फेमटोमीटर या एककांत घेतला आहे. θ कोनात वळणारा कण केंद्रापासून किमान किती अंतरावरून जातो, हे r = (d/2)(1 + 1/sin(θ/2)) या सूत्राने मिळते. 150 अंशांसाठी हे अंतर सुमारे 30 फेमटोमीटर आणि 15 अंशांसाठी सुमारे 130 फेमटोमीटर येते.

याचा अर्थ असा की आमच्या तक्त्यातील सहाच्या सहा ओळी 30 ते 130 फेमटोमीटर या अरुंद पट्ट्याची माहिती देतात. या पट्ट्यात बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे आणि त्याचा उगम 30 फेमटोमीटरच्या आत आहे, एवढेच आकडे सांगतात. सोन्याच्या केंद्रकाची प्रत्यक्ष त्रिज्या सुमारे 7 फेमटोमीटर आहे हे आज ठाऊक आहे. मात्र ते या प्रयोगातून कळलेले नाही आणि कळणे शक्यही नव्हते, कारण कोणताही कण केंद्रकाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलाच नाही. प्रयोगाने आकाराची वरची मर्यादा दिली, आकार दिला नाही. पृष्ठभागाचा पत्ता लागतो तो सूत्र मोडते तेव्हा. जड केंद्रकांच्या बाबतीत त्यासाठी त्वरकातून निघालेले, कित्येक पटींनी अधिक ऊर्जेचे अल्फा कण लागले. शिशावर 60 अंशांच्या कोनात मोजणी करताना कणांची ऊर्जा सुमारे 27 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की त्यांची संख्या रदरफर्डच्या सूत्राहून एकदम खाली घसरते. वरच्याच सूत्राने त्या क्षणाचे अंतर काढले, तर दोन्ही केंद्रकांच्या मध्यबिंदूंमध्ये सुमारे 13 फेमटोमीटर येतात. इथे अल्फा कण केंद्रकाला जवळजवळ टेकतो आणि विद्युतबलाव्यतिरिक्त आणखी एक बल कामाला लागते. हलक्या केंद्रकांवर असे विचलन बरेच आधी, रदरफर्डच्या हयातीतच, दिसू लागले होते, कारण त्यांचा प्रभार कमी असल्याने त्याच कणांना अधिक जवळ जाता येत होते.

तिसरे विधान प्रभाराच्या चिन्हाचे. ते ऐकून वर्गाला सर्वांत जास्त नवल वाटले. केंद्र कणाला दूर ढकलत असो वा जवळ ओढत असो, व्यस्त वर्गाच्या बलाखाली कणाचा मार्ग अपास्तच असतो आणि कोनांचे वितरण दोन्ही बाबतींत अगदी एकसारखे निघते. तक्त्यात प्रभाराचा वर्ग येतो, चिन्ह येत नाही. रदरफर्डने 1911 च्या लेखात आपले मुख्य निष्कर्ष केंद्रातील प्रभार धन आहे की ऋण यावर अवलंबून नाहीत असे स्पष्ट म्हटले होते. प्रभार धन असल्याचा निर्णय इतर बाजूंनी झाला: इलेक्ट्रॉन ऋण आहेत व अणू उदासीन आहे, शिवाय धन प्रभाराचे अल्फा कण केंद्रकातूनच बाहेर पडतात. प्रभाराचे मूल्यदेखील सुरुवातीला ढोबळच होते. ते अणुभाराच्या निम्म्याच्या आसपास आहे असा अंदाज होता आणि त्या हिशेबाने सोन्यासाठी तो शंभराच्या जवळ येतो. 1920 मध्ये जेम्स चॅडविकने विकिरणाच्याच पद्धतीने, पण पुष्कळ अधिक काटेकोरपणे, तांब्यासाठी 29.3, चांदीसाठी 46.3 आणि प्लॅटिनमसाठी 77.4 ही मूल्ये काढली. त्यांचे अणुअंक अनुक्रमे 29, 47 आणि 78 आहेत. माझ्या मते या तीन आकड्यांना पाठ्यपुस्तकात आहे त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी, कारण आवर्तसारणीतील क्रमांक आणि केंद्रकाचा प्रभार एकच आहेत हे इथे थेट मोजून दिसते.

उरले चौथे विधान, इलेक्ट्रॉनांच्या कक्षांचे. यासाठी तक्त्यात पुरावा शोधणे व्यर्थ आहे आणि त्याची दोन ठोस कारणे आहेत. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे 7300 पट जड असतो. इतका जड कण स्थिर हलक्या कणावर आदळला तर एका टकरीत तो जास्तीत जास्त 1/7300 रेडियन, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वळू शकतो. 15 अंशांच्या ओळीत इलेक्ट्रॉनांचा हात असणे यामुळेच अशक्य ठरते. दुसरे कारण अंतराचे आहे. सोन्याच्या सर्वांत आतल्या कवचाचे अंतर बोरच्याच सूत्राने ढोबळपणे काढले, तर 53000 फेमटोमीटरला 79 ने भागून सुमारे 670 फेमटोमीटर येते. आमचा तक्ता 130 फेमटोमीटरलाच संपतो. म्हणजे मोजलेले सगळे कण सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांच्याही आतून वळून गेलेले आहेत. इलेक्ट्रॉन कक्षांत फिरोत, थांबून राहोत किंवा धुक्यासारखे पसरलेले असोत, या सहा ओळी जशाच्या तशा राहतील. ज्या वाक्याला पूर्ण गुण मिळतात त्याचा शेवटचा तुकडा प्रयोगाच्या आवाक्यातच नाही.

कक्षा आल्या त्या नील्स बोरच्या 1913 मधील लेखांतून, आणि त्या का आणाव्या लागल्या हे समजावताना इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. वर्गातल्या एकीने विचारले, ‘सर, आपल्याकडे राजा रामन्ना केंद्रात इंडस-2 मध्ये इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश मिळवतात ना? मग अणूतला इलेक्ट्रॉन फिरताना प्रकाश का देत नाही?’ प्रश्न नेमक्या वर्मावर बोट ठेवणारा होता. सुमारे 172 मीटर परिघाच्या त्या वलयात 2.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीत साधारण सहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रारणाच्या रूपाने गमावतो आणि रेडिओ लहरींच्या पोकळ्यांतून ती तूट सतत भरून काढावी लागते. पुरवठा थांबला तर इलेक्ट्रॉन वलयात टिकत नाहीत. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनला अशी भरपाई करणारे कोणी नाही. अभिजात नियमांनी हिशेब केला तर अर्धा आंगस्ट्रॉम त्रिज्येच्या कक्षेतून तो सुमारे 1.6 × 10⁻¹¹ सेकंदात केंद्रकावर कोसळायला हवा. बोरने याचे स्पष्टीकरण दिले नाही. काही ठरावीक कक्षांमध्ये प्रारण होत नाही असे त्याने गृहीत धरले आणि त्या कक्षा निवडण्यासाठी कोनीय संवेग h/2π च्या पूर्ण पटीत असतो ही अट घातली. त्यातून हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या −13.6/n² इलेक्ट्रॉनव्होल्ट अशा निघाल्या आणि वर्णपटाशी त्या उत्तम जुळल्या. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमच्या रेषाही जुळल्या, त्याही केंद्रकाची स्वतःची अल्पशी हालचाल धरून दशांश चिन्हानंतरच्या कित्येक स्थळांपर्यंत.

प्रतिमान कुठे अडते हे पाहण्यासाठी त्याच हीलियमला त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन परत द्यावा. बोरच्या चित्राप्रमाणे दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वर्तुळावर, व्यासाच्या दोन टोकांना, सारख्या वेगाने फिरतात. प्रत्येकाला केंद्रकाचे 2 एकक प्रभाराचे आकर्षण आणि समोरच्या इलेक्ट्रॉनचे प्रतिकर्षण जाणवते. ते प्रतिकर्षण दुप्पट अंतरावरून येत असल्याने त्याचे बल एक चतुर्थांश असते, म्हणून परिणामी प्रभार 2 − 1/4 = 1.75 होतो. एकूण ऊर्जा −2 × 13.6 × (1.75)², म्हणजे −83.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. एक इलेक्ट्रॉन काढल्यावर उरलेल्या आयनाची ऊर्जा −54.4 आहे. तेव्हा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 28.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागायला हवेत. मोजलेले मूल्य 24.6 आहे. जे प्रतिमान हायड्रोजनमध्ये दशांशांच्या कसोटीला उतरते, तेच पुढच्याच मूलद्रव्यात साडेसतरा टक्के चुकते. ही चूक बारीकसारीक दुरुस्तीने जाणारी नव्हती. पुढील दहा वर्षे वेगवेगळ्या प्रतलांतील तिरप्या कक्षा घेऊन प्रयत्न झाले आणि 1923 मध्ये हेंड्रिक क्रामर्सच्या हिशेबाने उत्तर उलट जवळजवळ चार इलेक्ट्रॉनव्होल्टांनी कमी आले. योग्य मूल्य मिळाले ते कक्षा सोडून देऊन तरंगफलनाने गणित केल्यावरच.

हायड्रोजनमध्येही सगळे सुरळीत नाही, फक्त ऊर्जेच्या आकड्यांमागे ते झाकले जाते. वर्णपटातील तांबडी रेषा बारकाईने पाहिली तर ती दुहेरी असते. बोरचे मूळ प्रतिमान एकच रेषा देते. कोणती रेषा ठळक आणि कोणती फिकी, हे सांगण्याची त्यात सोय नाही. परंतु मला सर्वांत मूलभूत वाटणारी चूक कोनीय संवेगाची आहे. बोरच्या अटीप्रमाणे सर्वांत खालच्या पातळीवरील इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग h/2π असतो, प्रत्यक्षात तो शून्य आहे. फरक नुसता कागदावरचा नाही. संवेग h/2π असेल तर इलेक्ट्रॉन केंद्रकापासून कायम अंतर राखून राहील. शून्य असेल तर तो केंद्रकाच्या आतदेखील सापडण्याची काही शक्यता राहते.

ही शक्यता सोन्यातच प्रत्यक्ष पाहायला मिळते. सोन्याचा 195 वस्तुमानांकाचा समस्थानिक स्थिर नाही. त्याचे केंद्रक आपल्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन, बहुतेक वेळा आतल्या कवचातला, गिळते, त्यातील एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि अणू प्लॅटिनमचा बनतो. अर्धायुकाल सुमारे 186 दिवसांचा आहे. ही क्रिया ज्या बलामुळे होते त्याचा पल्ला केंद्रकाच्या आकाराहूनही फार लहान आहे. इलेक्ट्रॉन जर 670 फेमटोमीटरवरच्या वर्तुळावर इमानेइतबारे फिरत असता, तर 7 फेमटोमीटर त्रिज्येच्या केंद्रकाला त्याचा स्पर्शही झाला नसता आणि हा समस्थानिक या मार्गाने कधीच क्षय पावला नसता.

इथे वर्गात एक शंका निघाली, आणि ती काढणारा तोच आकड्यांवर आक्षेप घेणारा मुलगा होता. बोरच्या कक्षा खऱ्या नसतील तर रदरफर्डचे अपास्त मार्गही खरे मानता येणार नाहीत. मग त्याचे सूत्र इतके बरोबर कसे आले? याचे उत्तर व्यस्त वर्गाच्या बलाच्या एका विलक्षण गुणधर्मात आहे. 1928 मध्ये पुंजयामिकीच्या पद्धतीने, कणाऐवजी तरंग धरून, हेच विकिरण सोडवले गेले तेव्हा उत्तर अक्षरशः तेच निघाले: 1/sin⁴(θ/2), त्याच गुणकासह. दुसरे कोणतेही बल असते तर साधारणपणे दोन उत्तरे वेगळी आली असती. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या बोरला चुकीच्या संवेगानिशी बरोबर मिळाल्या, त्यामागेही याच बलाचा हात आहे, कारण त्यात ऊर्जा केवळ n वर अवलंबून राहते आणि संवेगातील चूक ऊर्जेत उमटत नाही. रदरफर्ड आणि बोर या दोघांनाही निसर्गाने एकाच ठिकाणी सवलत दिली असे म्हणता येईल. फरक इतकाच की रदरफर्डचा निष्कर्ष मार्गाच्या आकारावर फारसा विसंबलेला नव्हता, बोरचा मात्र पूर्णपणे त्यावरच उभा होता.

सवलत संपते ते ठिकाणही विकिरणातच सापडते. अल्फा कण म्हणजे हीलियमचेच केंद्रक. तो हीलियम वायूतून सोडला तर आदळणारा आणि आदळला गेलेला हे दोन्ही कण तंतोतंत एकसारखे असतात आणि टकरीनंतर दोघेही एकमेकांशी काटकोन करून निघतात. 45 अंशांच्या कोनात दोघांचे येणे सारखेच संभवते. अभिजात हिशेबात दोघांच्या संख्या नुसत्या मिळवायच्या असतात. नेव्हिल मॉटने 1930 मध्ये दाखवले की दोन सारख्या कणांमध्ये कोणता कुठून आला हे ठरवताच येत नसल्यामुळे संख्यांऐवजी तरंगांची बेरीज करावी लागते, आणि मग मंद अल्फा कणांसाठी 45 अंशांना अभिजात संख्येच्या दुप्पट कण यायला हवेत. चॅडविकने त्याच वर्षी मोजणी केली आणि कण जवळजवळ दुप्पटच आले. त्या कोनात पडद्यावर उठलेली चमक स्रोतातून निघालेल्या कणाची की वायूतल्या हीलियमची, या प्रश्नाला तिथे उत्तरच उरत नाही.